दिल्लीचा सूर्य ठाण्यात

आमच्या आत्याच्या फोनमध्ये दोन रिमाइंडर आहेत, सूर्योदयाला ध्यान आणि सूर्यास्ताला देवापाशी दिवा, आणि दोन्ही फिक्स टाइमचे नाहीत, सूर्याबरोबर रोज मिनिट-अर्धा मिनिट सरकतात. डिसेंबरमध्ये ती वैतागली, सकाळचं बरोबर वाजतं पण दिव्याचं मात्र साडेपाचलाच, बाहेर लख्ख ऊन! ॲप बिघडलंय म्हणाली. म्हटलं, बिघडलं असतं तर सकाळीपण चुकलं असतं ना.

बघितलं तर लोकेशन बंद, आणि शहर आपोआप दिल्ली. आता गंमत बघा, २१ डिसेंबरला ठाण्यात सूर्य उगवतो साधारण ७:०८ला आणि दिल्लीत ७:१०ला, म्हणजे सकाळी फरक कळायचाच नाही. मावळतो मात्र इथे ६:०५ला, तिकडे ५:२९ला. कारण असं की दिल्ली आपल्या पूर्वेला साधारण सव्वाचार अंश आहे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणून तिकडचा सूर्य उगवायला आणि मावळायला सतराएक मिनिटं पुढे. पण दिल्ली उत्तरेलाही आहे, त्यामुळे थंडीत तिथली रात्र आपल्यापेक्षा मोठी, दोन्ही टोकांना वीसेक मिनिटांनी. सकाळी हे दोन फरक एकमेकांना खाऊन टाकतात, संध्याकाळी मात्र त्यांची बेरीज होते आणि आत्याचा दिवा भर उन्हात लागतो.

जूनमध्ये बरोब्बर उलटं झालं असतं. तेव्हा सूर्यास्त दोन्हीकडे सव्वासात-सातवीसचा, पण दिल्लीचा सूर्योदय ५:२४चा आणि आपला ६:०२चा, म्हणजे दिवा वेळेवर आणि ध्यान अंधारात. (आत्या म्हणाली असती, ब्राह्ममुहूर्त आहे, चांगलंच आहे.)

म्हणून एकच वेळ जुळली की समाधान मानू नका, सकाळ-संध्याकाळ दोन्ही बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये मुंबईचे सूर्योदय-सूर्यास्त असतात, ठाण्याला तेच चालतात, फरक फार तर मिनिटभराचा. लोकेशन द्यायचं नसेल तर शहर हाताने मुंबई टाका, पुरे.

काकांची तक्रार वेगळीच. ते उपवनला तलावाभोवती चालायला जातात, रिमाइंडर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीचं, आणि म्हणतात पोचेपर्यंत ऊन गेलेलं असतं. इथे ॲपचा काही दोष नाही, ते सपाट क्षितिज धरून हिशोब करतं, त्याला पश्चिमेचा येऊरचा डोंगर काय माहीत! यांचा सूर्य डोंगराआड आधीच जातो. त्यांना मी रिमाइंडर अर्ध्याऐवजी एक तास आधीचं करून दिलं. आता म्हणतात चहा राहतो.