व्हॉट्सॲपवर गेल्यावरही काकूंचा चेहरा काकूंचाच दिसावा म्हणून

आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचा ग्रुप फोटो होता. मांडवात तीन रांगा, आजी मधोमध. सगळ्यात चांगल्या फ्रेममध्ये मोठ्या काकूंचे डोळे मिटलेले, आणि लगेच पुढच्या फ्रेममध्ये तेच डोळे छान उघडे. घरच्यांनीच सांगितलं, "त्यातला चेहरा यात बसवा." काकूंनाही विचारून घेतलं. अडचण एवढीच, की पुढच्या फ्रेमला फ्लॅश पेटला नव्हता, त्यामुळे तो चेहरा उजळून घ्यावा लागणार होता.

प्रिंटसाठी काम सोपं गेलं. पण घरातली बहुतेक माणसं हा फोटो व्हॉट्सॲपवरच पाहणार होती. म्हणून ग्रुपवर टाकण्याआधी मी तो स्वतःलाच पाठवला आणि परत उतरवून पाहिला. बाकी सगळे ठीक होते, काकू मात्र चिकटवल्यासारख्या दिसत होत्या. गालावर हिरवट-जांभळे डाग पडले होते आणि जबड्याजवळ पुसटशी कड आली होती.

फाइलचं नेमकं काय झालं ते आधी इमेजमॅजिकने तपासलं:

```
magick identify -format "%w x %h Q=%Q %[jpeg:sampling-factor]\n" parat.jpg
```

लांब बाजू ६००० पिक्सेलवरून १६०० वर आली होती, आणि `2x2,1x1,1x1` असं उत्तर आलं. म्हणजे उजेड-अंधाराचा तपशील पूर्ण ठेवून रंगाचा तपशील आडवा-उभा दोन्हीकडे निम्मा केला होता. मूळ फोटोत काकूंचा चेहरा साधारण १५० पिक्सेल रुंद होता, तो उरला ४०. जेपेग चित्राचे ८ बाय ८ चे चौकोन पाडून दाबतो. म्हणजे अख्खा चेहरा रुंदीला पाच चौकोनांत, आणि रंगाच्या बाबतीत जेमतेम अडीच. एवढ्या जागेत उजळलेल्या फ्रेममधला रंगीत दाणा पसरला की त्याचे डागच होणार. शेजारच्या फ्लॅशमधल्या चेहऱ्यांवर तो दाणा नव्हता, म्हणून फरक नजरेत भरत होता.

मग मूळ लेयरवर परत गेलो. काकूंच्या चेहऱ्यावरचा रंगीत दाणा पूर्ण काढला. साधा, उजेडाचा दाणा मात्र १०० टक्के झूमवर पाहताना शेजारच्या वहिनींच्या गालाशी जुळेल एवढाच कमी केला. इथे हात आखडता ठेवावाच लागतो. चेहरा जास्त गुळगुळीत केला, तर दाबल्यावर तो मेणाचा दिसतो.

दुसरं काम मास्कच्या कडेचं. गालावरून मऊ फेदर देऊन मिसळलेली कड मोठ्या फाइलमध्ये दिसत नाही, कारण तिथला छटेतला फरक अगदी हळू बदलत जातो. दाबताना मात्र त्या हळू उताराची पायरी होते. म्हणून मी मास्कची कड केसांच्या रेषेवर, कानामागे आणि हनुवटीखालच्या सावलीत नेली. तिथे मुळातच कड असते, तिच्यात आपली लपते.

मग क्रॉप. मांडवाचा रिकामा कपडा आणि कडेच्या खुर्च्या कापून रुंदी ४५०० वर आणली. आता १६०० ला लहान केल्यावर तोच चेहरा ५३ पिक्सेल होतो. या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा कशानेच पडला नसेल. नथीचा मोतीसुद्धा वेगळा दिसू लागला.

त्यानंतर सगळे लेयर एकत्र करून लांब बाजू मीच १६०० केली, म्हणजे आकार कमी करण्याचं काम ॲपवर राहत नाही. शार्पनिंग त्यानंतर, अगदी हलकं, आणि अख्ख्या फोटोला. फक्त बदललेल्या चेहऱ्याला दिलं तर त्याच्याभोवती पांढरी रेघ येते. रंग एसआरजीबीमध्ये बदलून घेतले, कारण प्रोफाइल वाटेत गळलं तर ॲडोबी आरजीबीमधली त्वचा फिकट पडते. जेपेगची क्वालिटी ९२ ठेवली. ॲप पुन्हा दाबणारच आहे, मग आपण आधीच का चिरडायचं?

एक गोष्ट मात्र पुरती सुटत नाही. काकूंच्या कपाळावरचं लालभडक कुंकू या आकाराला दोन-तीन पिक्सेलचं असतं, आणि रंगाचा तपशील निम्मा झाला की लाल थोडा कपाळावर ओघळतो. त्या लालाचा भडकपणा किंचित कमी केला आणि तो मूळपेक्षा जरा गडद ठेवला, तेव्हा टिकलीचा आकार उजेड-अंधारातून टिकला. त्यापलीकडे या आकारात काही करता येत नाही.

परत स्वतःला पाठवून, उतरवलेली फाइल पाठवलेल्या फाइलवर डिफरन्स मोडमध्ये ठेवली, म्हणजे जिथे दोन्हींत फरक तेवढंच उजळ दिसतं. आधी काकूंचा चेहरा तेवढा उजळून दिसत होता. आता फरक सगळ्या चेहऱ्यांवर सारखाच विखुरलेला होता. ग्रुपवर ही १६०० ची प्रत गेली. प्रिंट काढणाऱ्या पुतण्याला मोठी फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, कारण तशी पाठवली की ती दाबली जात नाही. ही फाइल गॅलरीतून फोटो म्हणून पुढे पाठवू नकोस, एवढं त्याला बजावून सांगितलं.