सूप रात्री पाण्यासारखं का व्हायचं?

आमच्याकडे बाबा साडेसातला जेवतात आणि मी दहाला घरी पोचतो. म्हणजे माझ्या वाट्याला येणारी प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा तापलेली असते. रविवारी मीच टोमॅटोचं सूप करून ठेवायचो. त्या दिवशी ते चमच्याला छान धरायचं. सोमवारी रात्री मात्र वाडग्यात लाल पाणी! मी दर वेळी कॉर्नफ्लोअर वाढवत गेलो. त्यानं रविवारचं सूप खळीसारखं झालं आणि सोमवारचं होतं तसंच राहिलं.

एकदा एकाच सुपाचे तीन भाग केले, प्रत्येकी दोन कप. पहिल्याला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, दुसऱ्याला दोन छोटे चमचे आरारूट, तिसऱ्याला दोन मोठे चमचे बेसन. आरारूट कमी लागतं, बेसन जास्त, कारण बेसनात स्टार्चबरोबर बरीच प्रथिनंही असतात. तिन्ही पिठं गार पाण्यात कालवून मग घातली. गरम सुपात कोरडं पीठ टाकलं की गोळीचं बाहेरचं आवरण लगेच शिजतं आणि आत पीठ कोरडंच राहतं.

अर्धं सूप तेव्हाच प्यायलो, अर्धं फ्रिजमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कॉर्नफ्लोअरचं सूप थिजलेलं होतं आणि कडेनं पाणी सुटलं होतं. शिजताना फुगलेला स्टार्च थंडीत पुन्हा आवळून येतो आणि धरलेलं पाणी सोडतो. मंद आचेवर हलक्या हातानं ढवळलं तर ते बऱ्यापैकी जुळून आलं, पण पोत किंचित रवाळ राहिला. पूर्वी मी काय करायचो? गॅस मोठा करून खळखळ उकळायचो आणि वर रवी फिरवायचो. टोमॅटोचा आंबटपणा, उकळी आणि घुसळणं, तिघं मिळून स्टार्च मोडून टाकतात. एकदा मोडला की कितीही आटवा, पूर्वीचा दाटपणा येत नाही.

पण आमच्या घरात आणखी एक भानगड निघाली. बाबा मीठ बघायला चमचा तोंडात घालतात आणि तोच परत पातेल्यात बुडवतात. लाळेत स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. सूप कोमट असताना ते आत गेलं की फ्रिजमध्ये गार होईपर्यंत आपलं काम करत बसतं. आजी उष्टा चमचा पातेल्यात घालू द्यायची नाही, ते मला नुसतं सोवळं वाटायचं.

आरारूटचं सूप पहिल्या दिवशी तिघांत देखणं होतं. कॉर्नफ्लोअरनं रंग जरा गढूळ होतो, तर हे काचेसारखं चकचकीत आणि पिठाची चव अजिबात नाही. ते उकळीच्या आधीच दाटतं, तेव्हा दाटलं की लगेच गॅस बंद करायचा. दुसऱ्या दिवशी मी ते फक्त वाफ येईपर्यंत तापवलं, तरी पातळ झालं. आंबटाला ते कॉर्नफ्लोअरपेक्षा बरं टिकतं, पण दुसऱ्यांदा तापणं त्याला सोसत नाही. पुढे एकदा क्रीम घातलेल्या सुपालाही आरारूट लावून पाहिलं, तेव्हा ते बुळबुळीत झालं. दुधाच्या पदार्थात ते पुन्हा घातलं नाही.

बेसन कोरडंच खमंग भाजून घेतलं होतं आणि सुपात आठ-दहा मिनिटं शिजवलं, नाहीतर कच्चट वास राहतो. खरं सांगायचं तर ते सूप राहिलंच नाही, साराकडे झुकलं. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांत ताठ तेच होतं. पाणी सुटलं नव्हतं, उलट इतकं घट्ट झालं होतं की अर्धी वाटी गरम पाणी घालावं लागलं. तेवढं घालून मंद आचेवर ढवळलं की पूर्ववत. म्हणून रश्श्याला, ताकातल्या पालकाला, अळूच्या फदफद्याला मी डाळीचं पीठच लावतो. ताकाच्या पदार्थात ते ताक फुटूही देत नाही, फक्त ताक गार असतानाच त्यात घुसळून घ्यायला हवं. तापवताना बुड लागतं, तेवढं लक्ष ठेवावं लागतं.

सुपासाठी मात्र मला बेसनाची चव नको होती. आता रविवारी सूप दाट करतच नाही. गाळलेलं पातळ सूप तसंच फ्रिजमध्ये ठेवतो. रात्री एका वाडग्यापुरतं उकळायला ठेवायचं, अर्धा मोठा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घालायचं आणि मिनिटभर उकळू द्यायचं. मिनिटभर नाही उकळलं तर पिठाची चव लागते. लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर.

बाबांना आता वाटीत काढून चव बघायला सांगितलं आहे. ते ऐकतात, मी समोर असलो तर.