कार्ड नवं, वर्गणी जुनीच: माझा अनुभव

दर महिन्याला वर्गणी कापणाऱ्या एका छोट्या सेवेचं बिलिंग मी बघतो. पैसे आले नाहीत की पहिला संशय ग्राहकाच्या खात्यावर जातो, पण नाकारलेल्या व्यवहारांची यादी काढून बसलो तेव्हा बरीच प्रकरणं वेगळीच निघाली. खात्यात पैसे होते, ग्राहकालाही सेवा हवी होती. फक्त बँकेनं त्याला नवं कार्ड दिलं होतं आणि आमच्याकडे जुनाच नंबर होता. म्हणून आमच्यासाठी कार्डांचे पैसे वसूल करणाऱ्या पेमेंट प्रोव्हायडरला सांगून आम्ही कार्ड अपडेटर, म्हणजे बदललेल्या कार्डाची नवी माहिती मिळवून देणारी सेवा, चालू करून घेतला. व्हिसाच्या सेवेचं नाव व्हिसा अकाउंट अपडेटर आणि मास्टरकार्डच्या सेवेचं ऑटोमॅटिक बिलिंग अपडेटर.

सुरुवातीला मला वाटायचं, बँक नवा नंबर थेट आम्हाला पाठवत असेल. तसं होत नाही. बँक जुना नंबर, नवा नंबर आणि नवी मुदत कार्ड नेटवर्ककडे, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डकडे, नोंदवते. आमच्या बाजूनं प्रोव्हायडर बिलाच्या काही दिवस आधी जतन केलेल्या कार्डांची यादी नेटवर्ककडे पाठवतो, आणि उत्तरांची फाइल परत येते. व्हिसाच्या फाइलमध्ये प्रत्येक कार्डापुढे एक अक्षर असतं. A म्हणजे नंबरच बदलला, E म्हणजे फक्त मुदत बदलली, V म्हणजे कार्ड आहे तसंच आहे, C म्हणजे खातं बंद, Q म्हणजे ग्राहकालाच विचारा. कार्डामागचे तीन अंक या देवाणघेवाणीत कुठेच नसतात. ते साठवून ठेवायला बंदीच आहे, आणि ग्राहकानं एकदा परवानगी दिलेल्या नियमित वर्गणीला ते लागतही नाहीत.

पहिल्याच महिन्यात एका प्रकरणानं मला चांगलंच कोड्यात टाकलं. एका ग्राहकाचं कार्ड हरवलं होतं आणि बँकेनं नव्या नंबराचं कार्ड दिलं होतं. आमच्या फाइलमध्ये मात्र त्याच्यापुढे V. बिलाच्या दिवशी व्यवहार फसला, कोड 41, म्हणजे हरवलेलं कार्ड. मग हे V आलं कुठून? ग्राहकाशी बोलून तारखा शेजारी शेजारी लिहिल्या तेव्हा उलगडा झाला. आमची चौकशी आधी गेली होती आणि कार्ड हरवल्याची तक्रार त्यानंतरची होती. म्हणजे उत्तर दिलं त्या घडीला V अगदी बरोबर होतं. मधल्या दिवसांत जे घडलं ते त्या फाइलला कळायला वावच नव्हता.

अशा वेळी तोच नंबर पुन्हा पुन्हा चालवून पाहण्याचा मोह होतो. खात्यात पैसे कमी असतील तर थोड्या दिवसांनी पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ असतो. पण 41 आला की त्या नंबरावर बँक कधीच होकार देणार नाही, आणि वारंवार प्रयत्न करणाऱ्या व्यापाऱ्याला नेटवर्क दंड लावू शकतं. मी त्या कार्डाची चौकशी पुन्हा पाठवायला लावली. या वेळी A आलं, सोबत नवा नंबर आणि मुदत. त्यावर वर्गणी सुरळीत कापली गेली. तेव्हापासून आमच्याकडे दोन बदल झाले: चौकशी बिलाच्या शक्य तितकी जवळ जाते, आणि नंबर निकामी झाल्याचा कोड आला की आधी पुन्हा चौकशी होते, मगच पुढचा प्रयत्न.

ज्यांची कार्डं आम्ही नेटवर्क टोकनच्या, म्हणजे खऱ्या नंबराऐवजी नेटवर्कनं दिलेल्या पर्यायी क्रमांकाच्या, रूपात जतन केली आहेत, त्यांच्या बाबतीत हा खेळ बहुधा करावाच लागत नाही. आमच्याकडे टोकन तेच राहतं, त्यामागचा कार्ड नंबर नेटवर्क आणि बँक परस्पर बदलतात. यादी पाठवा, उत्तराची वाट बघा, हे सगळंच टळतं. मला विचाराल तर टोकनचा खरा फायदा हाच.

पण अपडेटर चालला की सगळे खूश होतात असंही नाही. एका बाईंचा फोन आला, सूर चढलेला. "मी नवं कार्ड तुम्हाला दिलंच नाही, मग पैसे कापले कसे?" त्यांनी आमची सेवा रद्द केली नव्हती, जुनं कार्ड बंद झालं की वर्गणी आपोआप थांबेल, असं त्यांनी धरलं होतं. तसं धरणारे बरेच असतात. मी त्यांना नंबर कुठून आला ते समजावलं, सेवा तिथल्या तिथे रद्द केली आणि त्या महिन्याचे पैसे परत केले. यापुढे नंबर कोणालाच कळू नये असं वाटत असेल तर बँकेला विचारा, असंही सांगितलं. या नोंदणीतून कार्ड वगळण्याची सोय बऱ्याच बँकांकडे असते, आमच्या हातात ती नाही.

C आणि Q आलेल्यांना आता मी बिलाच्या आधीच मेल पाठवतो. या सेवेत भागच न घेणाऱ्या बँकांची कार्डंही याच गठ्ठ्यात येतात; त्यांच्यासाठी ग्राहकानं स्वतः नवं कार्ड भरण्यावाचून दुसरा मार्ग नाही.