मुलाच्या नववीसाठी बदली साडेचार महिने पुढे ढकलून घेतली, त्याचा अनुभव

बदलीची ऑर्डर मला १४ नोव्हेंबरला मेलवर आली आणि त्यात १ डिसेंबरला दुसऱ्या शहरातल्या ब्रांचला हजर व्हायचं असं लिहिलेलं. म्हणजे हातात जेमतेम १७ दिवस. मुलगा नववीत, सहामाही नुकतीच संपलेली, नवरा आधीच तिसऱ्याच गावी नोकरीला आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी येणारा. मी अकाउंट्समध्ये आहे, बारा वर्षं एकाच ब्रांचला काढली त्यामुळे बदली कधीतरी होणार हे माहीत होतंच आणि अपॉइंटमेंट लेटरमध्ये "कंपनीच्या कुठल्याही ठिकाणी बदली होऊ शकते" ही ओळ मी स्वतः सही करून घेतलेली, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, फक्त आत्ता नको एवढंच म्हणणं होतं.

पण हे "आत्ता नको" मी पहिल्यांदा इतकं वाईट मांडलं की काय सांगू. त्याच संध्याकाळी घाईघाईत एचआरला मेल टाकला की मुलाच्या शिक्षणामुळे शक्य असल्यास माझ्या बदलीचा पुनर्विचार व्हावा किंवा काही काळ स्थगिती मिळावी. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर, बदली रद्द करता येणार नाही, ठरलेल्या तारखेला हजर व्हावे. मी रद्द करा म्हटलंच नव्हतं असं माझं म्हणणं, पण नंतर तोच मेल शांतपणे वाचला तर "पुनर्विचार" म्हणजे रद्दच की. आणि "काही काळ" म्हणजे किती, ते मलाच माहीत नव्हतं तर त्यांना कुठून कळणार.

मग माझ्या साहेबांकडे गेले. माणूस चांगला आहे पण त्यांचा पहिला प्रश्न, "नववीच आहे ना, दहावी थोडीच आहे?" आणि दुसरा, "तुम्ही एकट्या पुढे जा, मुलाला नंतर न्या." बदली पुढे ढकलायला जाणाऱ्या प्रत्येकाला हे दोन प्रश्न येतातच असं आता वाटतं, त्यामुळे उत्तर तयार ठेवूनच आत जावं. माझ्याकडे तेव्हा नव्हतं, मी नुसतीच "नाही सर, ते अवघड आहे" वगैरे पुटपुटत बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून शाळेत गेले. आधी वाटलेलं बोनाफाईड घेतलं की झालं, पण बोनाफाईडवर मुलगा या शाळेत या इयत्तेत शिकतो एवढंच असतं, त्यावरून मधेच नेलं तर काय बिघडतं ते कोणाला कळत नाही. क्लार्क बाईंना सगळं सांगितलं तर त्याच म्हणाल्या, मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या, वेगळं पत्र देतो. त्या पत्रात तीन गोष्टी लिहून घेतल्या. वार्षिक परीक्षा २८ मार्चला संपते, निकाल ५ एप्रिलला लागतो, आणि नववीचा निकाल दोन्ही सत्रांचे मार्क धरून लावतात त्यामुळे दुसरं सत्र इथे पूर्ण न केल्यास या शाळेला वार्षिक निकाल देता येणार नाही. ही तिसरी ओळ म्हणजे "नववीच आहे ना"चं उत्तर होतं.

मग नव्या शहरातल्या चार शाळांना मेल केले, नववीत डिसेंबरमध्ये प्रवेश मिळेल का म्हणून. दोघांनी उत्तरच दिलं नाही, एकीने नववीत मधेच प्रवेश देत नाही म्हणून स्पष्ट कळवलं आणि चौथीने जागा आहे म्हटलं पण माझा मुलगा जी तिसरी भाषा घेतोय ती त्यांच्याकडे नव्हती, म्हणजे उरलेल्या चार महिन्यांत नवीन भाषा पहिल्यापासून. दोन्ही उत्तरांच्या प्रिंट काढून ठेवल्या. आपण तोंडाने "ॲडमिशन मिळत नाही" म्हटलं की समोरचा मनात म्हणतो प्रयत्न केला नसेल, शाळेचं उत्तर समोर ठेवलं की तो विषय तिथेच संपतो.

तारीख काढताना मी आधी २८ मार्चच धरून चाललेले. तेव्हाही क्लार्क बाईच म्हणाल्या की अहो निकालाशिवाय दाखला नाही आणि दाखल्याशिवाय तिकडे प्रवेश नाही. निकाल ५ एप्रिल, दाखला हातात यायला तीन-चार दिवस, मग सामान हलवायला थोडे. म्हणून मागायची तारीख ठरली १५ एप्रिल. मार्चअखेर मागून नंतर परत पंधरा दिवस द्या म्हणायला गेले असते तर उरलीसुरली पतही गेली असती.

पण एवढं सगळं जमवलं तरी ते माझ्या अडचणीचंच गाठोडं होतं. तिकडच्या ब्रांचची अडचण काय आहे हे मी विचारलंच नव्हतं. मी ज्यांच्या जागी जाणार होते ते ३० नोव्हेंबरला रिटायर होत होते एवढं कळलं होतं. मग धीर करून तिकडच्या मॅनेजरांना थेट फोन लावला, अर्थात आमच्या साहेबांना सांगून, नाहीतर डोक्यावरून गेलो असं होतं. त्यांना विचारलं की सर मी पहिल्या दिवसापासून नसले तर नेमकं काय अडेल? ते थोडं थांबले आणि म्हणाले, "मॅडम, रोजची बिलं ही पोरं टाकतातच. मला महिनाअखेरीला क्लोजिंग करणारं कोणीतरी पाहिजे. ते टेबलावर बसूनच होतं, बँकेच्या सह्या, स्टॉकचा ताळा, फोनवर नाही जमत."

माझं काम खरं तर या वाक्याने झालं. महिन्याचे शेवटचे तीन आणि पुढच्या महिन्याचे पहिले दोन असे पाच कामाचे दिवस मी तिकडे जाऊन बसायचं, बाकी दिवस इथूनच त्यांच्या ब्रांचचं लॉगिन घेऊन व्हाउचर तपासायचे. नणंदेला विचारलं, ती म्हणाली दर महिन्याला पाच-सहा दिवस येऊन राहीन भाच्याजवळ, नवरापण जमेल तशी रजा जुळवेल म्हणाला.

मग दुसरा अर्ज केला, एका पानाचा. सुरुवात मुद्दाम अशी केली:

"दि. १४ नोव्हेंबरच्या आदेशानुसार झालेली बदली मला मान्य आहे. फक्त हजर होण्याची तारीख १ डिसेंबरऐवजी १५ एप्रिल करावी ही विनंती. या काळात दर महिनाअखेरचे क्लोजिंग मी नवीन ब्रांचला प्रत्यक्ष येऊन करीन. ही मुदत पुन्हा वाढवून मागणार नाही."

त्याखाली घरची परिस्थिती चार ओळींत, शाळेचं पत्र आणि दोन मेल जोडले, बस. आधीच्या मसुद्यात मुलाचा स्वभाव, त्याचे मित्र, बारा वर्षांची माझी सेवा असं बरंच काही होतं, ते नवऱ्याने फोनवर ऐकून सगळं काढायला लावलं आणि बरंच झालं. तिकडच्या मॅनेजरांना अर्ज आधी दाखवला आणि त्यांनी "या व्यवस्थेला आमची हरकत नाही" असा मेल थेट एचआरला टाकला. ज्याची गैरसोय होणार तोच चालेल म्हणतोय म्हटल्यावर एचआरला अडवून धरायला फारसं काही उरलं नाही.

तरी मीटिंग झालीच. एचआरच्या बाईंनी विचारलं, पाच दिवस जमतंय मग कायमचं का नाही? प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं की नणंद पाच दिवस येऊ शकते, पाच महिने नाही, तिचंही घर आहे. मग त्यांनी ३१ जानेवारी सुचवली, मधला मार्ग म्हणून. हो म्हणायचा मोह झाला, भांडण मिटतं ना, पण जानेवारीअखेर म्हणजे माझ्यासाठी डिसेंबरपेक्षाही वाईट, तेव्हा परीक्षा तोंडावर आणि प्रवेश तर कुठेच नाही. तेच सांगितलं, की जानेवारीत यायचं तर डिसेंबरमध्येच आलेलं बरं, मधल्या तारखेचा मला काही उपयोग नाही. २६ नोव्हेंबरला साहेबांचा फोन आला, झालं तुमचं काम, १५ एप्रिल.

मी पेढे वाटायच्या मूडमध्ये आणि इथेच चुकले. मंजुरी फोनवर होती, ऑर्डर तीच जुनी होती. सिस्टिमला काय माहीत कोण कोणाशी काय बोललं, १ डिसेंबरला माझं लोकेशन आपोआप बदललं. मोबाईलवर हजेरी लावायला गेले तर "तुम्ही कार्यालयाच्या हद्दीत नाही" असा मेसेज, आणि मी बसलेय बारा वर्षांच्या त्याच खुर्चीत! साहेब म्हणाले रजिस्टरमध्ये सही करा, बघू नंतर. डिसेंबरच्या पगारात अठरा दिवस गैरहजर दाखवून पैसे कापले.

त्यातही भारी म्हणजे क्लोजिंगसाठी तिकडे गेले त्याचं प्रवासाचं बिल परत आलं. कारण काय, तर कागदोपत्री माझं मुख्य ठिकाण तेच, आणि स्वतःच्या ऑफिसला जायचा दौरा भत्ता कसला! मी स्वतः अकाउंट्सची, दुसऱ्याचं असं बिल आलं असतं तर मीपण परतच पाठवलं असतं.

मग सुधारित ऑर्डर मागितली. एचआर म्हणे मेल आहे ना साहेबांचा, पुरे की. मेल होता, पण तो सिस्टिममध्ये चढत नाही, आणि त्या निमित्ताने पॉलिसी वाचताना आणखी एक गोष्ट दिसली की सामान हलवायच्या खर्चाचा क्लेम बदलीच्या तारखेपासून ६० दिवसांत करायचा असतो. म्हणजे जुन्या तारखेने माझी मुदत जानेवारीतच संपणार होती, सामान हलायच्या अडीच महिने आधी. हे लेखी विचारल्यावर मात्र पटापट हललं. ९ जानेवारीला सुधारित ऑर्डर आली, त्यात हजर होण्याची तारीख १५ एप्रिल, तोपर्यंत मुख्य ठिकाण जुनं, तिकडचे पाच दिवस दौरा, आणि क्लेमची मुदत नव्या तारखेपासून. कापलेला पगार जानेवारीच्या पगारात परत मिळाला, प्रवासाचं बिल मी पुन्हा टाकलं आणि पास झालं.

मधले महिने काही मजेचे नव्हते. फेब्रुवारीअखेर तिकडे क्लोजिंगला असताना इकडे मुलाला ताप, नणंद एकटी, मी रात्री अकराला स्टॉकचा ताळा जुळवत फोनवर थर्मामीटरचे आकडे विचारतेय. तेव्हा एकदा वाटलं की परत जाऊन सांगावं की हे पाच दिवस रद्द करा. नाही सांगितलं, कारण त्याच पाच दिवसांवर बाकीचं सगळं टिकून होतं.

निकाल ५ला लागला, दाखला ९ला हातात आला. १५ एप्रिलला सकाळी नव्या ब्रांचमध्ये मोबाईलवर हजेरी लावली, पहिल्या फटक्यात लागली. तिकडचे मॅनेजर म्हणाले, "या मॅडम, तुमची खुर्ची तर डिसेंबरपासून आहे इथे."