इंटर्नशिपसाठी मॅडमना पत्र लिहिलं त्याचा अनुभव

एमएस्सी बॉटनीला आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत पिकांच्या बुरशीजन्य रोगांवर काम करायचं होतं म्हणून जानेवारीतच एका कृषी महाविद्यालयातल्या प्लांट पॅथॉलॉजीच्या मॅडमना मेल टाकला. मार्क, सेमिनार, "मला या विषयाची प्रचंड आवड आहे" हे सगळं एका ओळीत उरकलं, असली पत्रं त्यांना ढिगाने येत असणार. बाकी सगळं आमच्या हरभऱ्यावर लिहिलं.

मेन पॅरा साधारण असा होता: "आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. आमच्या शेतात फुलोऱ्यातला हरभरा जागोजागी मरतोय. पानं हिरवी असतानाच झाड माना टाकतं. उपटलं तर मूळ बाहेरून चांगलं दिसतं, पण खोड आणि मूळ उभं चिरलं की आत काळपट तपकिरी रेघ दिसते. त्यामुळे फ्युजेरियमची मर वाटते. पण कडेच्या हलक्या जमिनीतल्या झाडांचं सोटमूळ कोरडं होऊन उपटतानाच तुटतं, बारीक मुळं जवळपास नाहीतच, ती कोरडी मूळकूज असावी का? एकाच शेतात दोन्ही आहेत का हे मला तपासायचं आहे."

मग मला काय येतं ते लिहिलं, म्हणजे बुरशी वाढवायचं पीडीए मीडियम बनवता येतं (लिटरला 200 ग्रॅम बटाटा, 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज, 20 ग्रॅम अगार), ऑटोक्लेव्ह चालवता येतो, स्लाइड करता येते. पॅथोजेनिसिटी टेस्ट, म्हणजे बुरशी मुद्दाम निरोगी झाडाला लावून रोग होतो का ते बघणं, कधी केली नाही हेही लिहून टाकलं, उगाच फुशारकी मारून तिथे गेल्यावर फजिती कशाला. शेवटी सुट्टीच्या तारखा आणि स्टायपेंड नसला तरी चालेल एवढंच. चिरलेल्या खोडाचा फोटो जोडला, खरं काम त्यानेच केलं असं मला वाटतं.

बरेच दिवस काहीच आलं नाही, मग त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण टाकली. उत्तरात हो-नाही काही नाही, सरळ प्रश्नच! प्लेटवर पांढरी कापसासारखी बुरशी आली तर तीच रोगाला कारण आहे हे कशावरून?

मी लिहिलं, तेवढ्यावरून नाही सांगता येणार, मेलेल्या मुळावर नुसती कुजवणारी बुरशीसुद्धा वाढते. म्हणून आधी तुकडे 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर बुडवून निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवायचे, प्लेटवर आलेली बुरशी शुद्ध करून मायक्रोस्कोपखाली कोयत्यासारखे बीजाणू बघायचे, आणि मग निर्जंतुक मातीच्या कुंडीत ती मिसळून हरभऱ्याचं जेजी 62 सारखं लगेच बळी पडणारं वाण लावायचं. शेजारी बुरशी न घातलेली कुंडी हवीच. झाड तसंच मेलं आणि त्यातून तीच बुरशी परत निघाली तरच म्हणता येईल.

यावर मॅडमचा फोनच आला. "मे महिन्यात ये, पण सँपल आत्ताच आणून दे, तोवर हरभरा निघून जाईल. आणि हो, प्लास्टिकच्या पिशवीत आणू नकोस गं, आत घाम सुटतो आणि भलतीच बुरशी माजते. कागदात गुंडाळ, आणि दोन्ही जागची झाडं वेगळी ठेव."