डिव्हिडंडचा डॉलर आणि आदल्या महिन्याची अखेर

"डॉलरचा दर कुठल्या तारखेचा लावलात?" सीएंनी विचारलं, आणि मी बँकेचं स्टेटमेंट पुढे केलं. माझा हिशोब सरळ होता. नवऱ्याच्या आधीच्या कंपनीकडून मिळालेल्या अमेरिकी शेअर्सवर दर तिमाहीला डिव्हिडंड येतो. तो ब्रोकरच्या खात्यात डॉलरमध्येच पडून राहतो. फेब्रुवारी 2024 मध्ये आम्ही साठलेले डॉलर भारतात आणले, बँकेने त्याचे रुपये करून खात्यात टाकले, तोच आकडा मी त्याच्या 2023-24 च्या आयकर रिटर्नसाठी 'परदेशी उत्पन्न' म्हणून लिहून नेला होता.

सीएंनी तो कागद बाजूला ठेवला. "मॅडम, पैसे कधी आणलेत याचा इथे संबंध नाही. डिव्हिडंड कधी मिळाला ते सांगा."

आयकर नियमावलीतल्या नियम 115 मध्ये दर ठरवून दिलेला आहे. स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे तारेने आलेले डॉलर बँक ज्या भावाने विकत घेते तो. तारीख मात्र उत्पन्न कोणत्या प्रकारचं आहे त्यावर ठरते. डिव्हिडंड ज्या महिन्यात जाहीर झाला किंवा दिला गेला, त्याच्या आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस. जाहीर एका महिन्यात आणि हातात दुसऱ्या महिन्यात, असंही होतं. आम्ही प्रत्यक्ष दिल्याचा महिना धरला आणि चारही वेळा तोच धरला.

14 सप्टेंबर 2023 चा डिव्हिडंड घेऊ. एकूण 120 डॉलर. अमेरिकेने भारताशी असलेल्या करारानुसार 25 टक्के, म्हणजे 30 डॉलर कापले, खात्यात 90 आले. दर 31 ऑगस्टचा लागतो. हिशोब समजायला तो 82.50 धरू. उत्पन्न 120 × 82.50, म्हणजे 9,900 रुपये. मी धरले होते ते 90 डॉलर, आणि तेही फेब्रुवारीच्या भावाने. कापलेला करही त्याचंच उत्पन्न आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या 30 डॉलरचे 2,475 रुपये होतात, आणि फॉर्म 67 भरला तर ते इथल्या करातून वजा मागता येतात, अर्थात त्याच उत्पन्नावर इथे जेवढा कर बसतो तेवढ्याच मर्यादेत. परदेशी कराचा दरही कर कापला त्या महिन्याच्या आदल्या महिनाअखेरचा असतो, त्यामुळे डिव्हिडंडला दोन्हीकडे एकच दर चालला.

याच पद्धतीने 14 मार्च 2024 च्या डिव्हिडंडला 29 फेब्रुवारीचा दर लागला. हा डिव्हिडंड मी पूर्ण विसरले होते, कारण तो भारतात आलाच नव्हता. पण भारतात राहणाऱ्याला तो ब्रोकरच्या खात्यात मिळाला की मिळाला. शिवाय ब्रोकरचा अमेरिकेचा करदाखला जानेवारी ते डिसेंबरचा असतो. त्यातला मार्च 2023 आपल्या आधीच्या वर्षात जातो आणि मार्च 2024 त्यात सापडतच नाही. म्हणून बेरीज दाखल्यावरून न करता महिन्यामहिन्याच्या स्टेटमेंटवरून करावी.

खात्यातल्या रोख डॉलरवर थोडं व्याजही जमा झालं होतं. त्याची तारीख वेगळी: आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. 31 मार्च 2024 ला रविवार होता. अशा दिवसाचं काय करायचं ते नियमात लिहिलेलं नाही. सीएंनी त्याआधी जाहीर झालेला शेवटचा दर घेतला आणि कामाच्या कागदावर तशी टीप लिहिली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो दर शोधण्यात. स्टेट बँकेच्या संकेतस्थळावर मिळते ती चालू दिवसाची पीडीएफ. जुन्या तारखांचे दर लोकांनी रोजच्या पीडीएफ साठवून ठेवलेल्या संग्रहातून काढावे लागले. त्या तक्त्यातही नीट बघावं लागतं. `TT BUY` च्या शेजारीच `TT SELL` आहे, पुढे `BILL BUY`, आणि नोटांसाठी `CN BUY`. आम्हाला फक्त पहिला रकाना हवा होता. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरचा संदर्भ दर किंवा मोबाइलवर दिसणारा भाव इथे चालत नाही.

रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्याला, शेड्यूल एफएला, हे दर लावू नयेत. तो कॅलेंडर वर्षाचा असतो, आणि शेअर्स घेतले त्या दिवसाचा, सर्वाधिक मूल्याच्या दिवसाचा आणि 31 डिसेंबरचा, असे त्या त्या दिवसाचे दर तिथे लागतात.

हे सगळं 2023-24 चं, 1961 च्या आयकर कायद्याखालचं. तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी मी स्टेट बँकेची पीडीएफ उतरवून घेते आणि फाइलच्या नावात तारीख घालून ठेवते. शेवटचा दिवस रविवार असेल तर शुक्रवारची आणि शनिवारची, दोन्ही.