आमची वाटचाल : एका भुवईवरचा व्रण

आमचा स्टुडिओ १९८३ साली वेंगुर्ल्याच्या बाजारात सुरू झाला. भागीदार होते अण्णा. ते मूळचे कोल्हापूरचे, निगेटिव्ह रिटचिंगमध्ये मुरलेले. भांडवलात माझा एन्लार्जर, दोन फोटोफ्लड दिवे आणि त्यांच्या शिसपेन्सिली. पेन्सिलीचं टोक ते सॅंडपेपरवर घासून सुईसारखं लांब करत आणि ग्लास निगेटिव्हवर एवढ्या हलक्या हाताने चालवत की बघणाऱ्याने श्वास रोखावा. अण्णांचं एकच वाक्य रोज ऐकू यायचं, "चेहरा सोड, बाजू कर." म्हणजे डाग, चुरगळ, मागची भिंत, शेजाऱ्याचा खांदा यांच्यावर काय ती कारागिरी कर. नाक-डोळ्याला ब्रश लावायचा नाही.

अण्णा १९९२ मध्ये कोल्हापूरला परत गेले. त्यानंतरच्या तेरा-चौदा वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लग्नं, पासपोर्ट, बारशी, शाळेचे ग्रुप. दुकान चाललं.

२००६ साली समोरच्या ओळीत नवी डिजिटल लॅब उघडली. उघडणारा माझ्याकडे सहा वर्षं डार्करूममध्ये ट्रे हलवत होता. त्याचं नाव घेत नाही, वेंगुर्ल्यातल्यांना ठाऊक आहे. त्याच्याकडे स्कॅनर, मोठा प्रिंटर आणि "एका तासात एन्लार्जमेंट" असा बोर्ड. मयताच्या घरून माणूस फोटो घेऊन येतो तेव्हा बाराव्याला दोन-तीन दिवस उरलेले असतात. तासात मिळतंय म्हटल्यावर माझ्याकडे चार दिवस कोण थांबणार? दोन वर्षांत स्मृतिफोटोचं काम निम्म्याहून कमी झालं. पोराची फी भरायला मी एन्लार्जरची लेन्स विकली. ती विकायला नको होती, हे आजही बोचतं.

आणि त्याचे फोटो लोकांना आवडायचे, हे खोटं कशाला बोलू? मोठे असायचे. बारा बाय अठराच्या कागदावर गळ्यापासून कपाळापर्यंत माणूसच माणूस, रंग गुळगुळीत, एक सुरकुती नाही. भिंतीवर लावला की खोली भरून जायची. पण ग्रुपफोटोतला चेहरा कापून मोठा करायचं काम हे नुसतं मोठं करण्याचं नाही, हे तो शिकलाच नाही. सहा वर्षं माझ्याकडे होता, म्हणजे मीही शिकवलं नाही असं म्हणा हवं तर.

मे २००९ मध्ये एक काकी दुकानात आल्या. पिशवीत त्याच्याकडचीच फ्रेम. त्यांचे यजमान १९७१ च्या सुमारास, लग्नाला चार वर्षं झाली तोवर वारले होते. घरात त्यांचा वेगळा फोटोच नव्हता. होता तो भजनी मंडळाचा एक ग्रुप, सतरा जण, तिसऱ्या ओळीत उजवीकडून दुसरे ते. मुलांनी नवं घर बांधलं, वास्तुशांतीला वडिलांची फ्रेम लावायची म्हणून समोर करायला दिली. काकींनी फ्रेम टेबलावर पालथी ठेवली आणि म्हणाल्या, "डोळे तेचेच, पण माणूस तो न्हय."

मी फ्रेम उलटवली. भजनी बुवाला कोट-टाय चढवला होता! दोन्ही डोळ्यांत एकसारखे दोन पांढरे ठिपके, काळ्या टोपीखालची कपाळावरची सावली पुसून टाकलेली. हसू आलं, पण काकी समोर होत्या.

मग त्यांनी आणलेला ग्रुप मी लूपखाली, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगाखाली घेतला. पाच बाय सातचा, रेशमी पोताच्या कागदावरचा प्रिंट. त्यावर चेहरा हनुवटीपासून टोपीच्या काठापर्यंत नऊ मिलिमीटर. त्याने तो सात इंच केला होता, म्हणजे वीस पट. पण खरा घोटाळा त्याच्याही मागे होता. प्रिंटच्या एका कडेला दुसऱ्याच एका पुठ्ठ्याची सावली दिसत होती. म्हणजे हा मूळ फोटो नव्हता. कुणीतरी मूळ फोटोचा साध्या पस्तीस एमएम कॅमेऱ्याने फोटो काढून हा प्रिंट बनवला होता. मूळ साडेआठ इंच रुंदीचा असेल तर त्या निगेटिव्हवर काकींच्या यजमानांचा चेहरा जेमतेम पावणेदोन मिलिमीटर उतरला असणार. तिथे भुवईचे केस उरतच नाहीत. वरून कागदाचा पोत. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, त्यामुळे पोताच्या प्रत्येक दाण्याला सावली येते आणि गालावर देवीचे व्रण असावेत तसं दिसतं. ते घालवायला त्याने सगळं गुळगुळीत केलं. मग चेहरा धुरकट झाला, म्हणून धार वाढवली, तरी डोळे जिवंत दिसेनात म्हणून ठिपके ठेवले. एकेक पाऊल त्याच्या परीने बरोबर होतं, आणि शेवटी तयार झाला तो अठरावा माणूस.

मी काकींना फोटोबद्दल काही विचारलं नाही. विचारलं, बाकीच्या सोळा जणांची घरं कुठे?

ग्रुपफोटोची मौज इथेच आहे आणि धंद्यातले निम्मे लोक ती विसरतात. एकट्या माणसाचा फोटो गेला तर गेला. पण मंडळाचा ग्रुप निघाला की त्या काळी प्रत्येक जण एक प्रत घेत असे. एका घरात वाळवी लागली असेल, दुसऱ्या घरात तीच प्रत ट्रंकेत कोरडी पडलेली असते. काकींनी बोटांवर मोजून पाच घरं सांगितली. चौथ्या घरी, मृदंग वाजवणाऱ्यांच्या मुलाकडे, फोटो सापडला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साडेसहा बाय साडेआठ, मागे शाईने १९६८.

हा फुलप्लेटचा कॉन्टॅक्ट प्रिंट होता. म्हणजे काळं कापड डोक्यावर घेऊन काढलेल्या मोठ्या निगेटिव्हवर कागद ठेवून तेवढाच छापलेला, एन्लार्जरमधून न गेलेला. चेहरा अकरा मिलिमीटर. नऊ आणि अकरात फरक तो काय, असं कुणी म्हणेल. लूप लावल्यावर कळतं. यात टोपीच्या काठाची शिवण दिसत होती.

मी तो आधी सहाशेला, मग बाराशेला, मग चोवीसशे डीपीआयला स्कॅन केला आणि डोळ्याची कड शेजारी शेजारी ठेवून बघितली. सहाशेपेक्षा बाराशेला पापणी जास्त सुटी झाली. चोवीसशेला फक्त कागदाचे दाणे मोठे झाले. बाराशेला थांबलो. काकींची प्रतही तशीच तपासली, तिच्यात तीनशेच्या पुढे काहीच निघालं नाही. स्कॅनर आकडा देतो, माहिती फोटोतच असावी लागते.

बाराशेला अकरा मिलिमीटर म्हणजे सुमारे पाचशेवीस पिक्सेल. चेहरा पावणेतीन इंच छापला तर इंचाला एकशेनव्वदच्या आसपास पडतात. आठ बाय दहाच्या कागदावर छापलेला तेवढा चेहरा हातभर अंतरावरून नीट दिसतो. सात इंच केला तर पाऊणशेही पडत नाहीत. मी पावणेतीनच ठरवला. फोटोशॉपच्या Image Size मध्ये Bicubic Smoother लावून तीनशेला नेला, म्हणजे दीड पटीच्या जरा वर. शेवटी अगदी बारीक ग्रेन, म्हणजे दाणा टाकला. ग्रेनमुळे माहिती वाढत नाही, पण डोळ्याला कागद दिसतो, मेण दिसत नाही.

आता डाग. टोपी आणि मागच्या अंधाऱ्या दारावर निळसर चांदी चढली होती. कोकणच्या दमट हवेत जुन्या ब्रोमाइडवर ती चढतेच, प्रिंट तिरका धरला की आरशासारखी चमकते. स्कॅनरमध्ये ती राखाडी धुकं होऊन येते. म्हणून तेवढ्या भागासाठी जुना कॉपी स्टॅंड काढला. दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांत दिवे, दिव्यांवर पोलरायझिंग शीट, लेन्सवर पोलरायझर. लेन्सवरचा फिरवत गेलं की एका जागी चमक विझते आणि खालचा काळा रंग वर येतो. तो भाग स्कॅनवर बसवला. गालावरचे पिवळे-तपकिरी ठिपके तर कष्टाविना गेले. स्कॅन रंगीत करायचा आणि फक्त Red चॅनेल ठेवायचं. पिवळा डाग Blue मध्ये काळाकुट्ट दिसतो, Red मध्ये जवळजवळ नाहीसा होतो. कृष्णधवल फोटो कधीही ग्रेस्केलमध्ये स्कॅन करू नका, हे मी न विचारता सगळ्यांना सांगतो.

पण डाव्या भुवईवरची एक पांढरी रेघ Red मध्येही राहिली. समोरच्याने ती डाग समजून भुवई सलग करून टाकली होती. माझाही हात ब्रशकडे गेला होता. अण्णा आठवले. काकींच्या प्रतीत पाहिलं, तिथेही त्याच जागी फिकट खूण. दोन्ही प्रतींत आहे म्हणजे कागदावरचा डाग नव्हे. एक तर निगेटिव्हवरचा ओरखडा, नाहीतर माणसाच्या अंगावरची खूण. लूपखाली बघितलं तर रेघ भुवईच्या उंचवट्याबरोबर वळत होती, ओरखडा असता तर सरळ गेला असता. तरी खात्री नव्हती. काकींना बोलावलं. मी काही विचारायच्या आधी त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि त्यांचं बोट स्वतःच्या डाव्या भुवईवर गेलं. "कोयतो लागलेलो," म्हणाल्या. "सोलताना."

रेघ तशीच ठेवली. टोपीखालची सावलीही ठेवली. दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत जे उतरलंच नाही ते मी कुठून आणू? उजवा खांदा पुढच्या माणसाच्या डोक्याने झाकलेला होता, तो बनवला नाही. सदऱ्याच्या कॉलरखाली विग्नेट करून चित्र कागदात विरवून टाकलं. पूर्वी हे आम्ही एन्लार्जरखाली भोक पाडलेला पुठ्ठा हलवत करायचो. चारी बाजूंनी दोन इंच माउंट, म्हणजे फ्रेम बारा बाय चौदाची झाली, त्याच्या फ्रेमहून लहान पण भिंतीवर अंग धरणारी. काच आणि प्रिंटमध्ये माउंटची जाडी राहते, ती राहू द्या. काचेला टेकलेला प्रिंट दोन पावसाळ्यांत चिकटतो, आणि चिकटलेला कधी ओढू नका, काचेसकट आणा.

काकींनी फ्रेम उचलून दारातल्या उजेडात नेली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पैसे किती विचारले.

त्यानंतर आजूबाजूच्या वाड्यांत त्यांनी कुणाचाही फोटो समोर जाऊ दिला नाही. माझं दुकान तगलं ते त्यांच्यामुळे. पुढच्याच वर्षी समोरच्याच्या शोकेसमध्ये मी केलेल्या त्याच फ्रेमचा फोटो नमुना म्हणून लागला. काकींच्या घरी लग्नाला गेला असताना भिंतीवरूनच फोटो काढला असणार, कारण काचेतली ट्यूबलाइट टोपीवर स्पष्ट दिसत होती. मी भांडायला गेलो नाही. रोज शटर उघडताना तो बघायचो एवढंच.

काकी २०१८ मध्ये गेल्या. मुलगा नातवाच्या लग्नातला ग्रुप मोबाइलवर घेऊन आला, व्हॉट्सअ‍ॅपवर चार हात फिरलेला. लग्नाच्या फोटोग्राफरकडून मूळ फाइल मागवायला लावली. चेहरा हवा तेवढा मोठा झाला असता, पण मी पावणेतीन इंचच छापला. शेजारी टांगायचा होता.